प्रकल्प वहीतले आकडे एकमेकांशी बोलतात का?



आकारिक मूल्यमापनासाठी आपण मुलांकडून प्रकल्प करून घेतो. वही येते, आपण मुखपृष्ठ बघतो, अक्षर बघतो, चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो आणि वर्णनात्मक नोंद करतो, 'माहिती संकलित करून सुबक मांडणी करते.' मीही अनेक वर्षं हेच करत आले. पण वहीत मजकूर, तक्ता आणि आलेख असे तीन प्रकार असतील, तर ते एकमेकांशी जुळतात का हे शुद्धलेखनापेक्षा आधी तपासायला हवं, असं माझं आता ठाम मत आहे. ते कसं झालं ते सांगते.

आमच्या भागातल्या मुलांना दीपनगर सांगावं लागत नाही. भुसावळच्या बाजूने येताना चिमण्या लांबूनच दिसतात. सातवीतल्या एका मुलीने 'आपल्या परिसरातील औष्णिक वीज केंद्र' हा प्रकल्प केला. सहावा संच सुरू होण्याआधीची ही गोष्ट. वही सुंदर होती. मी बरोबरची खूण केली, 'छान!' लिहिलं, स्टार दिला, आणि तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी ती वही वेगळी काढून ठेवली.

पालकसभेत तिचे वडील आले. ते केंद्रात कंत्राटी कामावर. वही चाळता चाळता अगदी हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, दोन नंबरचा संच तर केव्हाच बंद झालाय. मग हे १४२० कसं?"

मी वही हातात घेतली. पहिल्या पानावर होतं, 'दीपनगर केंद्राची क्षमता १४२० मेगावॅट आहे.' चौथ्या पानावरच्या तक्त्यात संच ३ पुढे २१०, संच ४ पुढे ५०० आणि संच ५ पुढे ५००. बेरीज १२१०. म्हणजे मजकूर जुन्या माहितीवरून, २१० मेगावॅटचे दोन्ही संच चालू होते तेव्हाचा, आणि तक्ता नव्या माहितीवरून. दोन्ही आकडे आपापल्या काळात खरे होते, पण एका वहीत एकत्र बसत नव्हते. साधी बेरीज केली असती तरी मला ते दिसलं असतं. मी केली नव्हती.

मुलगी बाजूलाच उभी होती. म्हणाली, "पण मॅडम, तुम्ही तर बरोबरची खूण केली होती."

त्या वाक्यानंतर ती वही मी घरी नेली आणि शिसपेन्सिल घेऊन बसले. मजकुरातल्या प्रत्येक आकड्याभोवती गोल केला आणि हा आकडा तक्त्यातल्या किंवा आलेखातल्या कुठल्या जागेवरून आला, ते बाजूला लिहीत गेले. जिथे लिहिता आलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. सहा पानांत सात प्रश्नचिन्हं निघाली. सगळी सांगत नाही, पण काही सांगण्यासारखी आहेत.

पहिलं म्हणजे 'युनिट' हा शब्द. वहीत वाक्य होतं, 'युनिट ४ मधून ५०० युनिट वीज तयार होते.' आता बघा, पहिलं युनिट म्हणजे संच, यंत्र. दुसरं युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचं, किलोवॅट-तास. (आणि आमच्या मुलांच्या डोक्यात तिसरं युनिट असतं ते म्हणजे युनिट टेस्ट!) तक्त्यात मात्र ५०० पुढे 'मेगावॅट' होतं. मेगावॅट हे नळाच्या धारेसारखं आहे, या क्षणी वीज किती वेगाने तयार होऊ शकते ते. बिलावरचं युनिट हे हंड्यात साठलेल्या पाण्यासारखं. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण ताकदीने एक तास चालला तर ५ लाख युनिट होतात, आणि दिवसभर चालला तर १ कोटी २० लाख. म्हणजे त्या वाक्यातला ५०० हा आकडा जागेवर होता, फक्त एकक चुकलं होतं, आणि एका तासाचाच हिशोब धरला तरी अर्थ हजारपटीने खाली आला होता.

याच गोंधळामुळे आलेखाचं शीर्षकही चुकलं. आलेखाखाली लिहिलं होतं, 'दीपनगर येथील वीजनिर्मिती (मेगावॅट)'. आलेखात मात्र निर्मिती नव्हतीच, क्षमता होती. संच बंद असू शकतो, कमी भाराने चालू शकतो, म्हणून प्रत्यक्ष निर्मिती क्षमतेपेक्षा कमी भरते. वीज केंद्रातले लोक त्यासाठी 'भारांक' हा वेगळा आकडा काढतात. शीर्षकातला एक शब्द बदलला की वाचणारा आलेखातून भलतीच गोष्ट शिकतो.

दुसरं प्रश्नचिन्ह आलेखाच्या कोपऱ्यात होतं. प्रमाण लिहिलं होतं, १ सेमी = १०० मेगावॅट. मी पट्टी लावली. संच ३ चा स्तंभ ४.२ सेमी, संच ४ आणि ५ चे १०-१० सेमी. म्हणजे लिहिलेल्या प्रमाणाने ४२०, १००० आणि १०००! स्तंभ प्रत्यक्षात काढले होते १ सेमी = ५० मेगावॅट धरून. कागदावर लहान दिसतात म्हणून तिने स्तंभ पुन्हा मोठे काढले, पण कोपऱ्यातलं प्रमाण तसंच राहिलं. ही चूक नजरेला कळत नाही, कारण स्तंभांची एकमेकांशी तुलना बरोबरच दिसते. पट्टी लावून, प्रमाणाने गुणून, तक्त्याशी ताडून पाहिल्याशिवाय ती सापडत नाही. आपण आलेख 'बघतो', 'वाचत' नाही, हे मला त्या दिवशी पटलं.

मग कोळसा. तक्त्यातल्या रकान्याचं नाव 'कोळसा (टन)' आणि मजकुरात 'एका संचाला दिवसाला ८,४०० किलो कोळसा लागतो'. इथे कोण बरोबर हे ठरवायला मुलीला बाहेर पुस्तक शोधायची गरज नव्हती. आपल्याकडच्या कोळशाने एक युनिट वीज करायला साधारण ०.७ किलो कोळसा लागतो. १ कोटी २० लाख युनिटांना ८४ लाख किलो, म्हणजे ८,४०० टन. आणि हिशोब नको असेल तर डोळ्यासमोरचं घ्या. कोळशाच्या गाडीच्या एका वाघिणीत साधारण साठ टन मावतात. ८,४०० किलो म्हणजे साडेआठ टनसुद्धा नाही, एका वाघिणीचा तळ झाकेल एवढंच. रोज कोळशाच्या गाड्या बघणाऱ्या मुलांना हे विचारलं की ती लगेच हसतात.

सगळ्यात चुकवणारी जागा मात्र निष्कर्षाच्या पानावर निघाली. वडिलांनी सांगितल्यावर मुलीने पहिल्या पानावरचं १४२० खोडून १२१० केलं. निष्कर्षात पुन्हा १४२० होतं, तेही तिने शोधून बदललं. पण त्याच पानावर आणखी एक वाक्य होतं, 'एकूण क्षमतेपैकी ७० टक्के वाटा दोन मोठ्या संचांचा आहे.' या वाक्यात १४२० कुठेच दिसत नाही, पण ते लपलेलं आहे. १००० भागिले १४२० केल्यावर ७० टक्के येतात. १२१० ने भागलं तर जवळजवळ ८३. एक आकडा बदलला की त्याच्यावरून काढलेले सगळे आकडे बदलतात, आणि ते शोधताना मूळ आकड्यावर नजर ठेवून उपयोग नसतो. आधी कोण कोणापासून निघाला हे माहीत हवं. म्हणून आता माझ्या वर्गात टक्केवारी लिहिली की तिच्याखाली बारीक अक्षरात भागाकार लिहायचाच, हा नियम केला आहे. वही थोडी कमी सुंदर दिसते. दिसू द्या.

आकडे नसलेले शब्दसुद्धा मी आता गोलात घेते. तिने लिहिलं होतं, 'संच ४ हा संच ३ च्या तिप्पट आहे.' २१० ची तिप्पट ६३०. पाचशे ही दुपटीहून थोडी जास्त. निम्मे, दुप्पट, सर्वाधिक, वाढले हे शब्द म्हणजे वेषांतर केलेले आकडेच.

आमच्या केंद्रातल्या काही शिक्षकांना हे पटत नाही. एक सर म्हणाले, "लहान मुलं आहेत, एवढं काटेकोर कशाला? प्रकल्पाची गोडी जाईल." मला उलटा अनुभव आला. मी जोड्या लावल्या. एक जण मजकूर मोठ्याने वाचणार, दुसरा तक्त्यावर बोट ठेवून बसणार. अट दोनच. ज्याची वही त्याने बोट ठेवायचं नाही, कारण आपण लिहिलेलं आपल्याला बरोबरच दिसतं. आणि नुसतं 'पाचशे' वाचायचं नाही, 'पाचशे मेगावॅट' असं एककासकट वाचायचं. 'थांब!' म्हणायला मिळतं म्हणून मुलं या कामावर तुटून पडतात. पंधरा मिनिटांत एक वही होते. गोडी जाते ती तयार पीडीएफवरून उतरवून काढताना, असं मी सरांना म्हटलं. ते काही बोलले नाहीत.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. या तपासणीने आकडे एकमेकांशी जुळतात एवढंच कळतं, ते खरे आहेत हे कळत नाही. समजा तिने तक्त्यातही संच २ लिहिला असता, तर बेरीज चोख १४२० आली असती, टक्केवारी ७० जुळली असती, आणि माझी शिसपेन्सिल काहीही न खुणावता पुढे गेली असती. तिथे त्या वडिलांसारखा माणूसच लागतो. किंवा निदान आलेखाखाली माहिती कधीची ते लिहिलेलं लागतं, म्हणजे वाचणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहते.

प्रदर्शनाला वही गेली तेव्हा आलेखाखाली तिने स्वतः लिहिलं होतं, 'आकृती १ : दीपनगर केंद्रातील चालू संचांची स्थापित क्षमता, मेगावॅटमध्ये. संच २ बंद असल्याने धरलेला नाही.' खाली महिना आणि वर्ष. बक्षीस आलं नाही. वही शाळेच्या कपाटात आहे. यंदाच्या सातवीने ती काढली आहे, कारण आता ६६० मेगावॅटचा सहावा संच घ्यायचा आहे. १ सेमी = ५० मेगावॅट या प्रमाणाने त्याचा स्तंभ १३.२ सेमीचा होतो, आणि निष्कर्षातली टक्केवारी पुन्हा पहिल्यापासून काढावी लागणार आहे.