पाच लाखांचा पट आणि दोन लाखांची हजेरी

शिक्षकाला पट आणि हजेरी यातला फरक सांगावा लागत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची मुलं आणि बाकावरची मुलं या दोन वेगळ्या गोष्टी असतात हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिलं. यंदा हाच धडा मला इंटरनेटवरच्या जाहिरातींच्या रिपोर्टने पुन्हा शिकवला.

आमच्या ओळखीच्या एका छोट्या शिक्षणसंस्थेने प्रवेशाच्या हंगामात वेबसाइटवर आणि मोबाइल अॅपमध्ये दिसणाऱ्या चौकोनी जाहिराती दिल्या. पैसा वर्गणीतून आलेला, म्हणजे एकेका रुपयाचा जाब देणं आलं. हजार इम्प्रेशनला ६० रुपये असा दर ठरला. पाच लाख इम्प्रेशन झाली आणि ३०,००० रुपयांचं बिल आलं. सोबतच्या रिपोर्टवर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: व्ह्यूएबिलिटी ६० टक्के, इनव्हॅलिड ट्रॅफिक ८ टक्के. माझं गणित बरं आहे असा समज असल्याने तो कागद माझ्याकडे आला.

सचिवसाहेब म्हणाले, "सर, सरळ आहे. पाच लाखांचे साठ टक्के म्हणजे तीन लाख लोकांनी पाहिली." दुसऱ्या एकाने ६० मधून ८ वजा केले आणि ५२ टक्के म्हणजे दोन लाख साठ हजार हा आकडा काढला. दोन्ही उत्तरं चूक. टक्का दिसला की आधी विचारायचं, हा टक्का कशाचा? सातवीच्या वर्गात मी हे वर्षानुवर्षं सांगत आलोय.

आधी शब्दांचे अर्थ पाहू. इम्प्रेशन म्हणजे जाहिरात पानावर उमटली, एवढंच. ती पानाच्या तळाशी असेल आणि वाचक तिथवर गेलाच नसेल, तरी इम्प्रेशन मोजलं जातं. व्ह्यूएबल म्हणजे दिसू शकेल अशा जागी आलेली. अमेरिकेतल्या मीडिया रेटिंग कौन्सिलचं माप जगभर चालतं. त्यानुसार जाहिरातीचे निम्मे पिक्सेल सलग एक सेकंद स्क्रीनवर असले की ती व्ह्यूएबल ठरते. ९७० बाय २५० सारख्या मोठ्या जाहिरातीला तर ३० टक्के पिक्सेलही पुरतात. म्हणजे व्ह्यूएबल हे "पाहिली" नव्हे, "पाहता आली असती" इतकंच. मूल वर्गात बसलं होतं एवढं ते सांगतं. त्याचं लक्ष होतं का, हे सांगत नाही.

इनव्हॅलिड ट्रॅफिक म्हणजे बोगस पट. यात दोन जाती आहेत. पहिली साधी: सर्च इंजिनांचे ओळखीचे बॉट, डेटा सेंटरमधून येणारी यंत्रं. त्यांच्या याद्या असतात, यादीशी ताडून ती गाळता येतात. दुसरी लबाड: माणसासारखा माऊस हलवणारा बॉट, कुणाच्या नकळत ताब्यात घेतलेला मोबाइल, एकाखाली एक लपवलेल्या जाहिराती, नाव एका वेबसाइटचं आणि जागा भलतीच. हे यादीने सापडत नाही, त्याला वेगळा तपास लागतो. म्हणून रिपोर्टमध्ये इनव्हॅलिड ट्रॅफिक एकच टक्का दिसला तर लगेच खूश होऊ नये. फक्त पहिली जात तपासली असेल तर आकडा लहान येणारच.

आता हिशेब. आम्ही टक्के बाजूला ठेवून मूळ संख्या मागितल्या. पाच लाखांतून ८ टक्के, म्हणजे ४०,००० बोगस निघाली. उरली ४,६०,०००. यातली ३,४५,०००च मोजता आली होती. उरलेल्या १,१५,००० जाहिराती बहुतेक अशा अॅपमध्ये होत्या, जिथे मोजणारं साधन चालतच नव्हतं. ६० टक्के होते ते या मोजलेल्या ३,४५,००० चे. म्हणजे माणसासमोर, दिसेल अशा जागी आल्याची खात्री फक्त २,०७,००० इम्प्रेशनची. बिल तेच, ३०,०००. हजारी दर ६० नव्हे, जवळपास १४५ रुपये पडला.

न मोजलेल्यांतली एकही दिसली नाही असं मी म्हणत नाही. त्यांनाही तोच ६० टक्क्यांचा दर लावला तर २,७६,००० होतात आणि हजारी दर १०९ च्या आसपास येतो. पण गैरहजेरीचा रकाना कोरा असलेल्या मुलाला हजर धरायचं का? एजन्सीचा युक्तिवाद नेमका तोच होता.

खरा धक्का पुढे होता. आम्ही जागेनुसार यादी मागवली. एका गेमच्या अॅपने एकट्याने मोठा वाटा खाल्ला होता आणि तिथली व्ह्यूएबिलिटी ९७ टक्के. एजन्सी तिलाच सर्वोत्तम जागा म्हणत होती. पण तिथली बरीच इम्प्रेशन रात्री दोन ते चारमधली, आणि तिथून प्रवेशाची चौकशी एकही नाही. बॉटला कंटाळा येत नाही, तो पान खाली ओढून निघून जात नाही. त्यामुळे बोगस ट्रॅफिकची व्ह्यूएबिलिटी खऱ्या माणसांपेक्षा चांगली दिसू शकते. माणसं वाचत असतात तिथे काही जाहिराती सुटतातच. प्रत्येक दिवशी शंभर टक्के हजेरी लागलेला वर्ग तपासनिसाला आधी खटकतो, तसंच हे. नुसत्या ९७ वरून चोरी सिद्ध होत नाही, पण वेळ आणि चौकशा शेजारी ठेवल्या की प्रश्न उभा राहतो.

शेवटी काय झालं? ४०,००० बोगस इम्प्रेशनचे २,४०० रुपये एजन्सीने परत दिले, कारण ती बिलात धरली होती हे त्यांनाच मान्य करावं लागलं. काही ठिकाणी बॉट खरेदीआधीच गाळले जातात आणि त्यांचे पैसे लागतच नाहीत. म्हणून "हे आठ टक्के बिलातून वजा झालेत का?" हा प्रश्न लेखी विचारावा. न दिसलेल्या १,३८,००० जाहिरातींचे पैसे मात्र परत आले नाहीत. करार "उमटलेल्या" इम्प्रेशनचा होता, "दिसलेल्या" नव्हे. सही आमचीच होती.

माझं मत यावरून पक्कं झालंय. लहान संस्थेने व्ह्यूएबल इम्प्रेशनच्या दरानेच करार करावा, तोही बोगस वजा करून. दर हजारी ६० ऐवजी १०० सांगितला तरी घाबरू नये, आम्ही ६० च्या नावाखाली १४५ मोजलेच होते. मात्र नुसत्या टक्क्याच्या मागे लागण्यातही धोका आहे. व्ह्यूएबिलिटी वाढवायची म्हणून काही साइट जाहिरात स्क्रीनला चिकटवून ठेवतात, मजकूर झाकतात. टक्का वाढतो, वाचक वैतागतो. म्हणून जागांची यादी आणि शेवटी आलेल्या चौकश्या या दोन गोष्टी सोबत हव्यातच.

यात नुकसान फक्त आमच्या वर्गणीचं नाही. बॉटकडे गेलेला रुपया कुठल्या तरी खऱ्या मराठी किंवा उर्दू वृत्तपत्राच्या वेबसाइटला मिळाला असता, जिथे माणसं वाचतात आणि म्हणूनच व्ह्यूएबिलिटी ९७ नसते. पुढच्या हंगामात संस्था रिपोर्टचा पहिला कागद बाजूला ठेवून आधी मूळ संख्यांचा तक्ता मागणार आहे. तो बिलाच्या आधी यावा, हे करारात लिहून घेतलंय.