मशरूम शाकाहारी की मांसाहारी? प्रश्नच चुकीचा आहे

शाळेतल्या पोषण आहारात अंडी द्यायची की नाही, हा वाद महाराष्ट्रात अजून मिटलेला नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडे देण्याचा निर्णय घेतला आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवला. या वादात एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो : "अंडेच कशाला हवे? मशरूम द्या. ती शाकाहारी आहे, शिवाय तिच्यात मांसाइतके प्रोटीन आहे." वस्तीत काम करताना हे वाक्य मी शिकल्या-सवरलेल्या लोकांच्या तोंडून अनेकदा ऐकले आहे. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. पण या एका वाक्यात तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र कालवले आहेत आणि त्याची किंमत मोजावी लागते ती मुलांच्या ताटाला. म्हणून तिन्ही प्रश्न सुटे करून पाहू.

पहिला प्रश्न शुद्ध-अशुद्धतेचा. तो जीवशास्त्राचा नाही, समाजव्यवस्थेचा आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण आणि कांद्याबरोबर कवकही द्विजांसाठी अभक्ष्य ठरवले आहे. त्याच अध्यायात पुढे अळंबीला गावडुक्कर आणि गावठी कोंबड्याच्या रांगेत बसवले आहे आणि जाणूनबुजून खाणारा द्विज पतित होतो असे सांगितले आहे. आज तीच अळंबी 'शुद्ध शाकाहारी' पाटीच्या हॉटेलात मशरूम मसाला म्हणून ताटात येते. अळंबी बदलली नाही, तिच्यावर लावलेला शिक्का बदलला. पाकिटावरचा हिरवा ठिपकाही असाच शिक्का आहे. आपल्या अन्न-नियमांत मांसाहारी म्हणजे काय याची व्याख्या आहे : प्राणी, पक्षी, मासे, अंडी किंवा दूध वगळता इतर प्राणिजन्य पदार्थ. यात जे बसत नाही ते हिरवे. म्हणजे हिरवा ठिपका 'ही वनस्पती आहे' असे सांगत नाही, 'हा प्राणी नाही' एवढेच सांगतो.

मग मशरूम आहे तरी काय? हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आहे, पण परीक्षा झाली की आपण ते विसरतो. लिनियसने अठराव्या शतकात सजीवांची वर्गवारी केली तेव्हा दोनच खाने होते, वनस्पती आणि प्राणी. अळंबी जमिनीतून उगवते आणि जागची हलत नाही, म्हणून ती वनस्पतींत गेली. पुढे दोनशे वर्षे ती तिथेच राहिली. १९६९ मध्ये रॉबर्ट व्हिटाकर यांनी पाच सृष्टींची मांडणी केली आणि कवकांना स्वतंत्र सृष्टी दिली. त्यांचे कारण साधे होते, पण मुळावर बोट ठेवणारे होते : सजीव आपले अन्न कसे मिळवतो ते पाहा. वनस्पती हरितद्रव्याच्या जोरावर सूर्यप्रकाशातून अन्न तयार करते. प्राणी अन्न गिळतो आणि पोटात पचवतो. कवक यातले काहीच करत नाही. ते पाचकरस शरीराबाहेर सोडते, भोवतालचे लाकूड, पेंढा, शेण तिथेच विरघळवते आणि तयार झालेला रस शोषून घेते. भाताच्या पेंढ्यावर धिंगरी पिकवणाऱ्या बचतगटाच्या बाईला हे समजावून सांगावे लागत नाही. पिशवीतला पेंढा पांढऱ्या धाग्यांनी भरतो, मऊ पडतो आणि वजनाने कमी होत जातो, हे ती रोज बघते. ते धागे म्हणजेच खरे कवक. आपण खातो ती छत्री म्हणजे त्याला बीजाणू पसरवण्यासाठी आलेला अवयव.

आता शरीराची घडण बघा. वनस्पतीच्या पेशीची भिंत सेल्युलोजची असते. कवकाच्या पेशीची भिंत मुख्यतः कायटिन आणि ग्लुकन यांची असते. कायटिन म्हणजे खेकडा, कोळंबी आणि किड्यांच्या कवचात असतो तोच पदार्थ. गंमत म्हणजे त्याचा शोध आधी अळंबीतच लागला, १८११ मध्ये, ब्राकोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाला. किड्यांच्या कवचात तो नंतर सापडला. वनस्पती आपला साठा पिष्टाच्या रूपात ठेवते. कवक तो ग्लायकोजेनच्या रूपात ठेवते, जसा आपल्या यकृतात असतो. १९९३ मध्ये सँड्रा बाल्डॉफ आणि जेफ्री पामर यांनी प्रथिनांच्या रचना ताडून दाखवले की कवकांचे जवळचे नाते वनस्पतींशी नसून प्राण्यांशी आहे. म्हणजे वंशावळीत अळंबी पालकापेक्षा आपल्याला जवळची.

इथे लगेच दुसऱ्या टोकाची चूक होते. "प्राण्यांच्या जवळची आहे ना, मग मांसासारखीच पौष्टिक असणार!" असे नसते. नाते कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समान पूर्वजाचे आहे. त्यावरून ताटात काय पडेल ते ठरत नाही. बी-१२ जीवनसत्त्वाचे उदाहरण घ्या. ते वनस्पती बनवत नाहीत, प्राणी बनवत नाहीत आणि कवकेही बनवत नाहीत. ते जिवाणू बनवतात. जनावरांच्या शरीरात ते जिवाणूंकडून आणि आहारातून येऊन साठते, म्हणून मांस, दूध, अंड्यातून आपल्याला मिळते. अळंबीत कधी सापडले तरी ते अत्यल्प असते आणि त्याचा भरवसा धरता येत नाही. बी-१२ कमी असलेल्या माणसाला मशरूम खायला सांगणे म्हणजे त्याचा इलाज लांबवणे.

तिसरा प्रश्न पोषणाचा. तो शिक्क्याने सुटत नाही आणि नात्यानेही सुटत नाही, मोजूनच सुटतो. प्रोटीनचेच मोजमाप पाहू, कारण सगळ्यात मोठा गोंधळ तिथेच आहे.

प्रयोगशाळेत सहसा प्रोटीन थेट मोजत नाहीत. डेन्मार्कच्या केल्डाल यांनी १८८३ मध्ये शोधलेल्या पद्धतीने पदार्थातला नायट्रोजन मोजतात. प्रोटीनमध्ये साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणून आलेल्या आकड्याला ६.२५ ने गुणतात. सगळा नायट्रोजन प्रोटीनचाच असेल तर हिशेब बरोबर येतो. पण कायटिनमध्येही नायट्रोजन असतो आणि कायटिन प्रोटीन नाही. म्हणजे अळंबीला वनस्पतीपासून वेगळी काढणारी जी भिंत, तीच इथे आकडा फुगवते. म्हणून जाणकार अळंबीसाठी ६.२५ ऐवजी ४.३८ हा गुणक वापरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यांतही तोच वापरला आहे.

उदाहरण करून पाहू. समजा १०० ग्रॅम सुक्या धिंगरीत ४ ग्रॅम नायट्रोजन निघाला. ६.२५ ने गुणले तर प्रोटीन २५ ग्रॅम. ४.३८ ने गुणले तर साडेसतरा ग्रॅम. पाकिटावर आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात २५ चा आकडा छापला जातो. त्यात भर म्हणजे तो सुक्या अळंबीचा असतो. ताज्या अळंबीत ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. १०० ग्रॅम ताज्या धिंगरीत १० ग्रॅम सुका भाग धरला, तर त्यात प्रोटीन भरते पावणेदोन ग्रॅम. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम असते. म्हणजे एका अंड्याची बरोबरी करायला मुलाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास ताजी अळंबी खावी लागेल. बाजारातले पाकीट बहुधा २०० ग्रॅमचे असते. पहिली-दुसरीतल्या पोराने एका बैठकीत पावणेदोन पाकिटे संपवायची, असा या सल्ल्याचा अर्थ होतो. वाळवलेल्या मशरूमचा आकडा घेऊन ओल्या अंड्याशी तुलना करणारे एक गोष्ट सांगत नाहीत : अंडेही वाळवले तर त्याच्या भुकटीत जवळपास निम्मे प्रोटीनच असते.

ताटात बदल सुचवताना विचारायचे प्रश्न म्हणूनच दोन : हा आकडा सुक्याचा की ताज्याचा? आणि कोणत्या गुणकाने काढला? समोरच्याला उत्तर देता आले नाही तर तो आकडा वादात वापरू देऊ नका.

याचा अर्थ अळंबी बिनकामाची असा नाही. तिच्यात रायबोफ्लेविन आणि नायसिन ही ब गटातली जीवनसत्त्वे चांगल्या प्रमाणात आहेत, पोटॅशियम आहे, मीठ अगदी कमी आहे. कायटिन आणि ग्लुकन तंतुमय पदार्थ म्हणून आतड्याच्या कामी येतात. ते सहज पचत नाहीत, म्हणून अळंबी नीट शिजवून आणि चावून खावी. आणि तिच्या सृष्टीमुळेच तिच्याकडे एक गुण आहे जो भाजीपाल्याकडे नाही. आपल्या पेशींच्या पटलात कोलेस्टेरॉल असते, तिथे कवकात अर्गोस्टेरॉल असते. त्यावर उन्हातले अतिनील किरण पडले की त्याचे डी-२ जीवनसत्त्व बनते. आपल्या कातडीत ऊन लागून डी-३ बनते, तसाच हा प्रकार आहे. अंधाऱ्या खोलीत वाढलेल्या बटण मशरूममध्ये ते १०० ग्रॅममागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी असते. पण चकत्या करून, किंवा छत्री उलटी करून पापुद्र्यांची बाजू वर ठेवून, दुपारच्या कडक उन्हात पंधरा मिनिटे ते तासभर ठेवली तर बहुतेक वेळा दहा मायक्रोग्रॅमच्या वर जाते. मोठ्या माणसाची रोजची गरज आपल्याकडे पंधरा मायक्रोग्रॅम धरली आहे. याला मर्यादाही आहेत. काचेच्या खिडकीतून आलेल्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच ते किरण अडवते. पावसाळी ढगात फारसे काही होत नाही. आणि डी-२ रक्तातली पातळी डी-३ इतकी टिकवत नाही. तरी मासे आणि अंडी न खाणाऱ्या घरात हा फुकटचा उपाय आहे.

तेव्हा मशरूम जरूर खा. पावसाळ्यात ओळखीच्या माणसाने आणलेल्या सात्या मिळाल्या तर आनंदाने खा. मुलांच्या ताटात आठवड्यातून एखाद्या दिवशी तिची भाजी आली तर स्वागतच आहे. पण ती डाळीच्या आणि अंड्याच्या सोबत हवी, त्यांच्या जागी नको. अंडे नको असणाऱ्यांनी ते आपल्या श्रद्धेमुळे नको आहे असे उघड म्हणावे. तो त्यांचा हक्क आहे आणि त्यांच्या मुलांना दुसरा पदार्थ मिळायलाच हवा. पण श्रद्धेला विज्ञानाचा आकडा चिकटवून दुसऱ्याच्या मुलाच्या ताटातले अंडे काढू नये. अळंबी वनस्पती नाही, प्राणीही नाही, तिची सृष्टी स्वतंत्र आहे. तिला कोणाच्या जागेवर बसवायची गरज नाही.