दरवाढीची सूचना

सन २०२४ च्या पितृपक्षात पनवेलीतील आमचा एक जुना विद्यार्थी एक कागद घेऊन आमच्याकडे आला. त्याचे फराळाच्या जिनसांचे लहानसे दुकान आहे. कागदावर मजकूर होता : ‘तेल महागल्यामुळे नाइलाजाने दरवाढ करण्यात येत आहे. ग्राहकांनी सहकार्य करावे.’

“गुरुजी, शुद्धलेखन तेवढे पाहता का?” तो म्हणाला.

शुद्धलेखन निर्दोष होते. खोट होती ती हिशेबात. त्याच १४ सप्टेंबरपासून सरकारने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ आयातशुल्क बसविले होते आणि त्याला घाऊक तेल किलोमागे ३० रुपयांनी महाग पडू लागले होते, हे खरे. परंतु त्याच्या किलोभर चकलीस तेल खर्ची पडते ३०० ग्रॅम. म्हणजे वाढ झाली ९ रुपयांची. दर मात्र तो ४०० वरून ४३० करणार होता. घरी चकली तळणारी कोणतीही गृहिणी हा ताळा क्षणात करील, आणि उरलेल्या २१ रुपयांचे उत्तर न मिळाल्यास ९ रुपयांवरही विश्वास ठेवणार नाही.

“उरलेले कशाचे?” आम्ही विचारले. तो थोडा संकोचला. भाजणीच्या धान्याचे ६ रुपये. शिवाय चकल्या पाडणाऱ्या तीन बायांची मजुरी त्याने रोजी ६० रुपयांनी वाढविली होती. दिवसाला माल १२ किलो, तेव्हा किलोमागे १५ रुपये. “पण मजुरीचे लिहिले तर लोक म्हणतील, तुमच्या नोकरांचे आम्हांस काय?”

आमचे मत याच्या उलट पडले. सर्वांत मोठे कारण लपविले, तर लहान कारण सबब ठरते. शिवाय तेलाचा भाव उतरताच गिऱ्हाईक तीसही रुपये परत मागेल. मग दोघांनी मिळून सूचना पुन्हा लिहिली, ती अशी :

‘१ ऑक्टोबरपासून चकलीचा दर किलोस ४०० ऐवजी ४३० रुपये राहील. वाढलेल्या ३० रुपयांत १५ रुपये चकल्या करणाऱ्या तीन भगिनींच्या मजुरीचे, ९ तेलाचे व ६ धान्याचे आहेत. तेल व वजन पूर्वीचेच राहील. ३० सप्टेंबरपर्यंत नोंदविलेल्या दिवाळीच्या मालास जुनाच दर लागेल. तेल उतरल्यास तेवढी रक्कम कमी करू.’

यातून ‘सहकार्य करावे’ हे शब्द आम्ही गाळले. कारण व मुदत सांगितल्यावर निर्णय गिऱ्हाइकाचा. दोन घरांनी माल बंद केला; ज्याला ४३० रुपये झेपतच नाहीत, त्याला कोणतीही सूचना थांबवू शकत नाही. बाकीच्यांनी महिनाअखेरीपूर्वीच नोंदणी केली.

खरी परीक्षा पुढेच होती. मे २०२५ अखेर ते शुल्क २० चे १० टक्के झाले आणि काही दिवसांनी त्याच्या घाऊक पावतीत तेल किलोमागे १० रुपयांनी उतरले. ३०० ग्रॅमचे झाले ३ रुपये.

“तीन रुपयांसाठी पाटी बदलू?” त्याने विचारले.

आम्ही त्याच्या हाती खडू दिला. त्याने ४३० पुसून ४२७ लिहिले.