बागेतला योगवर्ग: जागा फुकट मिळते, पण वर्ग टिकतो का?

सकाळी साडेसहाला शहरातल्या कुठल्याही मोठ्या बागेत चक्कर मारली, तर एखाद्या कोपऱ्यात दहा-बारा जण चटई टाकून बसलेले दिसतात. समोर एक प्रशिक्षक. यातले काही वर्ग मोफत असतात, काही महिन्याच्या फीवर चालतात. प्रमाणपत्र घेऊन नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा सगळ्यात सोपा मार्ग वाटतो, कारण भाडं नाही आणि गुंतवणूकही नाही. पण वर्षभराचा हिशोब मांडला की चित्र बदलतं.

प्रमाणपत्र सक्तीचं आहे का?

योग शिकवण्यासाठी सरकारी परवाना लागतो, असा कायदा आपल्याकडे नाही. आयुष मंत्रालयाच्या अखत्यारीतलं योग प्रमाणन मंडळ परीक्षा घेतं, पण ती ऐच्छिक आहे. प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर, वेलनेस इन्स्ट्रक्टर, टीचर अँड इव्हॅल्युएटर आणि मास्टर अशा तिच्या चढत्या पायऱ्या आहेत. थेरपिस्टसाठीची प्रमाणपत्रं वेगळी आहेत.

हा फरक महत्त्वाचा आहे. इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र निरोगी माणसांना शिकवण्यासाठी असतं. ते हातात असताना व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीत ‘मधुमेह, पाठदुखी, थायरॉइड बरा करा’ असं लिहिलं, तर ती व्यक्ती आपल्या प्रशिक्षणाच्या बाहेर जाते. वर्ग निवडताना ही एक ओळ पाहिली तरी बरंच कळतं.

बाग सार्वजनिक आहे, मग परवानगी कशाला?

बागेत बसून स्वतः व्यायाम करणं वेगळं आणि तिथे रोज ठरावीक वेळी पैसे घेऊन वर्ग चालवणं वेगळं. बाग महापालिकेच्या मालकीची असेल, तर दुसऱ्या प्रकारासाठी उद्यान विभागाची लेखी परवानगी मागणं हाच सुरक्षित मार्ग. अनेक जण सुरक्षारक्षकाच्या ‘बसा हो, काही होत नाही’वर विसंबतात. मग कुणीतरी तक्रार करतं, रक्षक बदलतो, आणि महिन्याची फी घेतलेल्या प्रशिक्षकाला एका दिवसात नवी जागा शोधावी लागते.

तक्रार बहुतेक वेळा आवाजाची असते. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनुसार ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत उघड्यावर तो लावता येत नाही. त्यामुळे पहाटे साडेपाचच्या वर्गात स्पीकर नकोच. बारा जणांना साध्या आवाजात सूचना ऐकू येतात. येत नसतील, तर गट मोठा झाला आहे असं समजावं.

बाग की हॉल? आकडे काय सांगतात

एक उदाहरण घेऊ. आकडे समजुतीसाठी आहेत, आपल्या गावाप्रमाणे बदलून पाहावेत. समजा, आठवड्यातून तीन दिवस वर्ग आहे, म्हणजे महिन्याला साधारण 13 तासिका. फी 1000 रुपये, शिकणारे 12. महिन्याची जमा 12,000 रुपये.

बागेत भाडं नाही, त्यामुळे सगळी रक्कम हातात येते. पण महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर पाऊस. गवत ओलं, फरशी निसरडी आणि रोज सकाळी ‘आज आहे का?’ अशी विचारणा. हे चार महिने वर्ग बंद ठेवला, तर वर्षाची कमाई आठ महिन्यांची, म्हणजे 96,000 रुपये.

आता सोसायटीचा हॉल तासाला 300 रुपये भाड्याने घेतला. महिन्याचं भाडं 3,900, उरले 8,100. वर्ग बाराही महिने चालला, तर वर्षाला 97,200 रुपये. म्हणजे ‘फुकट’ बाग आणि भाड्याचा हॉल जवळपास एकाच ठिकाणी येऊन पोचतात.

हॉलचा धोका वेगळा आहे. बारापैकी चार जणांनी सोडलं, तर जमा 8,000 होते, पण भाडं 3,900 च राहतं. हातात उरतात 4,100. माणसं एक तृतीयांश कमी झाली, कमाई मात्र निम्म्यावर आली. जाण्या-येण्यासह एका तासिकेला दोन तास धरले, तर ताशी जेमतेम 158 रुपये पडतात.

म्हणूनच कोरड्या महिन्यांत बाग आणि पावसाळ्यात हॉल ही जोडी सगळ्यात फायद्याची ठरते: 96,000 अधिक 32,400, म्हणजे 1,28,400 रुपये. अट एकच. हॉल पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्येच लेखी ठरवून ठेवायचा, कारण जूनमध्ये परिसरातल्या सगळ्याच वर्गांना छप्पर हवं असतं. शिवाय चार महिन्यांची सुट्टी पडली, तर ऑक्टोबरमध्ये बाराचे बारा परततील याची खात्री नसते. वरच्या 96,000 मध्ये ही गळती धरलेलीच नाही.

जीएसटी कमी झाला, त्याचा फायदा कुणाला?

22 सप्टेंबर 2025 पासून जिम आणि योग केंद्रांच्या सेवेवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्क्यांवर आला. पण सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल, तर सर्वसाधारणपणे नोंदणीच लागत नाही. आपल्या उदाहरणातला प्रशिक्षक कर लावत नव्हता, त्यामुळे त्याची फी तिथेच राहिली.

त्याच्या स्पर्धकाची मात्र कमी होऊ शकते. जिमची मूळ फी 1500 रुपये असेल, तर करासह ती 1770 होती, आता 1575 होईल. अर्थात, जिमने कपातीचा लाभ ग्राहकाला दिला तर. 1000 रुपयांच्या वर्गाशी असलेलं अंतर अशा ठिकाणी 195 रुपयांनी घटतं. दुसऱ्या बाजूला मोफत वर्ग आहेत. मुंबई महापालिकेने 2022 मध्ये शिव योग केंद्रं सुरू केली. जवळच असा वर्ग असेल, तर केवळ स्वस्त असण्यावर छोटा वर्ग टिकत नाही. त्याच्याकडे देण्यासारखी गोष्ट एकच: प्रत्येकाकडे लक्ष.

लक्ष म्हणजे नेमकं काय?

सुरुवात पहिल्या दिवसाच्या एका पानी अर्जाने होते. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, हाडांचा ठिसूळपणा, अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भारपण आणि घरच्या माणसाचा फोन नंबर. हे विचारायचं कारण ठोस आहे. काचबिंदू असलेल्याने डोकं खाली जाणारी आसनं केली, तर डोळ्यातला दाब वाढतो. रक्तदाब जास्त असेल, तर जोरकस कपालभाती आणि श्वास रोखून धरणं टाळायला सांगितलं जातं. हाडं ठिसूळ असतील, तर पाठीतून खोल वाकण्यात मणक्याला धोका असतो. अशा माणसाने आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं आणि प्रशिक्षकाने त्याला पर्यायी आसन द्यावं.

‘स्वतःच्या जबाबदारीवर’ अशी सही घेतली की प्रशिक्षक मोकळा, हा गैरसमज आहे. अर्जात काचबिंदू लिहिलेला असूनही त्याच माणसाला डोकं खाली करायला लावलं, तर तोच कागद निष्काळजीपणाचा पुरावा ठरू शकतो.

पैसे भरण्याआधी एक दिवस नुसतं बसून वर्ग पाहावा. प्रशिक्षक तासभर पुढे स्वतःच आसनं करून दाखवतोय की मधे फिरून शिकणाऱ्यांकडे बघतोय? कुणी श्वास कोंडून धरला, कुणाचा गुडघा आत वळला, तर त्याला ते दिसतंय का? बारा जणांच्या वर्गासाठी आपण हजार रुपये देतो ते याचेच.