पांढऱ्या शर्टाचे पिवळे डाग

निजामपुऱ्यातल्या एका भगिनीने विचारलं आहे, "मिस, यांचे पांढरे शर्ट बगलेत पिवळे पडतात, कॉलरला काळी रेघ बसते. ब्लीचिंग पावडर लावली तर पिवळेपणा उलट वाढला. काय करू?"

वाढणारच. हे दोन डाग वेगवेगळे आहेत. कॉलरची रेघ म्हणजे मानेचा तेलकटपणा, केसांचं तेल आणि धूळ. बगलेतला पिवळेपणा बहुतेक वेळा घाम आणि घाम रोखणाऱ्या रोल-ऑन किंवा स्प्रेमधले अ‍ॅल्युमिनियमचे क्षार मिळून होतो. घामातल्या प्रथिनांवर क्लोरीनचं ब्लीच पडलं की पिवळेपणा वाढतो. पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाला तेल जास्त धरून राहतं, म्हणून यंत्रमागाच्या कारखान्यातल्या गरमीत दिवसभर उभं राहणाऱ्याची कॉलर लवकर काळी होते.

आधी कॉलर. शर्ट कोरडाच असू द्या. भांडी घासायच्या लिक्विडचे चार-पाच थेंब रेघेवर पसरवा, वीस मिनिटं ठेवा, मऊ ब्रशने हलकेच घासा आणि कोमट पाण्याने धुवा. कापड आधी ओलं केलं तर साबण पातळ होतो आणि तेलावर त्याचा जोर पडत नाही.

आता बगल. एक कप कोमट पाण्यात एक छोटा चमचा लिंबूसत्त्व विरघळवा. डागाचा भाग त्यात अर्धा तास भिजवा. त्याने क्षार सुटतात. मग शर्ट साध्या पाण्याने नीट खंगाळा. मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणा. बाटलीवर ६ टक्के लिहिलं असेल तर तेवढंच पाणी घालून पातळ करा. त्याचे दोन चमचे, खाण्याचा सोडा एक चमचा आणि लिक्विडचे थोडे थेंब मिसळून डागावर लावा. पाऊण तास ठेवून धुवा. हातमोजे घाला. उरलेलं मिश्रण फेकून द्या, झाकणबंद बाटलीत ठेवू नका. फेस येऊन बाटली फुगते. आधी शिवणीच्या आतल्या बाजूला लावून पाहा. शर्टावर रंगीत धागा किंवा छापील नक्षी असेल तर हे लावू नका.

लिंबूसत्त्व आणि ब्लीचिंग पावडर कधीही एकत्र करू नका, विषारी वायू निघतो. आणि डाग पूर्ण जाईपर्यंत इस्त्री करू नका, उष्णतेने तो पक्का बसतो. नीळ लावून डाग फक्त झाकला जातो, गेलेला नसतो.

एका फेरीत डाग फिका झाला तर हीच पद्धत दुसऱ्यांदा करा. दोन फेऱ्यांनंतरही बगलेचं कापड कडक, खरखरीत राहिलं किंवा उजेडाला धरल्यावर विरळ दिसलं तर ते घासू नका, फाटेल. असा शर्ट घरी वापरायला ठेवा. आणि जुम्याच्या कुर्त्याबद्दल काळजी करणाऱ्यांसाठी: घाम पाक आहे. डाग उरला म्हणून नमाजला अडचण येत नाही.

पुढच्या वेळी घालण्याआधी रोल-ऑन लावून दहा मिनिटं सुकू द्या, मगच शर्ट घाला.