दोन हजार घरे की एकशे पंच्याऐंशी?

सीमाभागातील मातृभाषेच्या पाहणीत ‘२००० घरे विचारली, चूक जेमतेम २.२ टक्के’ असा दावा कोणी केला, तर आम्ही तो मान्य करणार नाही. समजा, ४० गावांतून प्रत्येकी ५० घरे घेतली. एका गावातील घरे भाषेने बहुधा सारखीच. पन्नासावे घर नवे फारसे सांगत नाही. हे साम्य ०.२ धरले, तर रचना-परिणाम १ + ४९ × ०.२ = १०.८ येतो. २००० ला त्याने भागले की परिणामकारक नमुना १८५ घरांचा उरतो आणि चूक ७.२ टक्क्यांवर जाते. शहर-खेड्यांना असमान भार दिले, तर नमुना सहसा आणखी घटतो. म्हणून आमची मागणी अशी: आकड्यासोबत रचना-परिणाम छापा आणि गावे वाढवा. २०० गावांतून दहा-दहा घरे घेतली, तर तोच परिणाम २.८ वर उतरतो.