किरणाकृतीचा फोटो वाचताना : बहिर्वक्र भिंगाची प्रतिमा कुठं आणि उलटी का?



दहावीच्या विज्ञानात 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा पाठ सुरू झाला, की नांदेड-लातूरकडच्या पालकांच्या मोबाईलवर एक फोटो हमखास येतो. वहीत काढलेली बहिर्वक्र भिंगाची किरणाकृती, आणि खाली प्रश्न : प्रतिमा इथंच का, आणि उलटी का? यावर एक ठरलेलं उत्तर दिलं जातं. "किरण नाभीत एकमेकांना छेदतात, म्हणून प्रतिमा उलटी." माझं मत असं, की हे उत्तर आपण देणं बंद करावं. ते सोपं वाटतं, पण खुद्द आकृतीच त्याच्या विरुद्ध बोलते.

तपासून बघू. कागद आणि पट्टी घ्या. एक आडवी रेघ काढा, हा मुख्य अक्ष. मधोमध भिंग आणि त्याचं प्रकाशीय केंद्र, म्हणजे आकृतीतला O. केंद्रापासून डावीकडं २ सेंमीवर F1 आणि उजवीकडं २ सेंमीवर F2 या दोन नाभी मांडा. आता डावीकडं ६ सेंमीवर, अक्षावर उभा, २ सेंमी उंचीचा बाण काढा. ही आपली वस्तू.

बाणाच्या टोकापासून दोन किरण काढू. पहिला अक्षाला समांतर जाऊन भिंगावर पडतो आणि तिथून वळून उजव्या नाभीतून खाली उतरतो. दुसरा थेट प्रकाशीय केंद्रातून न वळता सरळ जातो. पट्टीनं नीट काढलं, तर हे दोन किरण भिंगाच्या उजवीकडं ३ सेंमीवर, अक्षाच्या १ सेंमी खाली भेटतात. तिथंच टोकाची प्रतिमा. बाणाचं बूड अक्षावर आहे, म्हणून बुडाची प्रतिमाही अक्षावरच येते. दोन्ही जोडले की १ सेंमी उंचीचा उलटा बाण तयार.

आता नाभीकडं बघा. नाभी २ सेंमीवर आणि प्रतिमा ३ सेंमीवर. नाभीत फक्त एक किरण गेला. तिथं दोन किरण भेटलेच नाहीत, मग 'नाभीत छेदतात' हे आलं कुठून? वस्तू खूप लांब असेल, म्हणजे मैदानापलीकडचं झाड किंवा सूर्य, तर प्रतिमा नाभीजवळ पडते. त्या एका बाबतीतलं वाक्य आपण सगळ्या आकृत्यांना लावून टाकलं.

याहून मोठी अडचण पुढं आहे. तोच बाण भिंगाजवळ, केंद्रापासून फक्त १ सेंमीवर आणा. समांतर किरण आताही वळून उजव्या नाभीतूनच जातो, अक्षही ओलांडतो. तरीही प्रतिमा सुलटी मिळते आणि दुप्पट मोठी. अक्षरं मोठी करून वाचायला आपण भिंग धरतो, ती हीच स्थिती. नाभीतून जाण्यानंच प्रतिमा उलटत असती, तर भिंगाखालचं पुस्तक आपल्याला उलटं वाचावं लागलं असतं.

मग खरं कारण काय? ते दुसऱ्या, मधल्या किरणात दिसतं. भिंगाच्या मधोमध त्याचे दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ समांतर असतात, काचेच्या पातळ तुकड्यासारखे. म्हणून तिथून जाणारा किरण वळत नाही. म्हणजेच वस्तूचं टोक, प्रकाशीय केंद्र आणि प्रतिमेचं टोक हे तिन्ही नेहमी एकाच सरळ रेषेत. ही रेषा डावीकडं अक्षाच्या वर असते. केंद्रापाशी ती अक्ष ओलांडते, म्हणून उजवीकडं ती खालीच जाणार. प्रतिमा उजव्या बाजूला तयार झाली, की तिचं टोक अक्षाखाली येणं भाग आहे. हेच उलटेपण. टोकाचा किरण खाली उतरतो, तसा वस्तूच्या डाव्या बाजूचा किरण उजवीकडं जातो. म्हणून प्रतिमेत वर-खाली बदलतं, तसं डावं-उजवंही बदलतं.

बाण जवळ असताना मात्र दोन्ही किरण उजवीकडं फाकत जातात, भेटत नाहीत. ते मागं वाढवले तर डावीकडं २ सेंमीवर, अक्षाच्या ४ सेंमी वर भेटतात. रेषा तीच, पण केंद्र ओलांडण्याआधीचा तिचा भाग. म्हणून प्रतिमा सुलटी. थोडक्यात, एकाच टोकाचे किरण कुठं भेटतात, यावरून प्रतिमेची जागा कळते. ती जागा केंद्राच्या पलीकडं की अलीकडं, यावरून उलटी की सुलटी ते कळतं.

चुणचुणीत लेकरू इथं विचारेल, मधला किरणच अडवला तर? अडवून दाखवा. भिंगाच्या मध्यावर कागदाची लहान टिकली चिकटवा. प्रतिमा तिथंच, उलटीच, फक्त थोडी मंद. कारण टोकापासून निघालेला प्रकाश भिंगाच्या सगळ्या भागावर पडतो आणि तो सगळा त्याच बिंदूत येतो. आकृतीतले दोन किरण काढायला सोपे म्हणून निवडलेले असतात. मधला किरण आपल्याला रस्ता दाखवतो, तो एकटा प्रतिमा घडवत नाही. हे मनात पक्कं बसलं की नाही, याची परीक्षा अशी : अर्धं भिंग पुठ्ठ्यानं झाकलं तर काय दिसेल, असं विचारा. 'अर्धी प्रतिमा' हे उत्तर आलं, तर मुलानं त्या दोन रेघांनाच सगळा प्रकाश समजलंय. खरं तर प्रतिमा पूर्णच राहते, फक्त तिचा उजेड कमी होतो.

आता फोटोबद्दल. तिरका मोबाईल धरून काढलेल्या फोटोत अंतरं बिघडतात. डावी नाभी जवळ आणि उजवी लांब दिसू शकते. म्हणून फोटोवर अंतर मोजून 'चूक' असा शेरा देऊ नका. मात्र वही सपाट असेल, तर तिरक्या फोटोतही सरळ रेघ सरळच राहते आणि रेघांचा छेद छेदच राहतो. त्यामुळं कागदाची सरळ कड मोबाईलच्या पडद्यावर ठेवा. वस्तूचं टोक, केंद्र आणि प्रतिमेचं टोक एका रेषेत येतात का, ते बघा. मग समांतर आलेला किरण नाभीतून जाऊन त्याच टोकाला पोचतो का, ते बघा. पहिल्या तपासणीत रेघ मोडली, तर मुलानं प्रतिमा अंदाजानं काढली आहे. दुसरीत मोडली, तर बहुधा प्रतिमा नाभीवरच नेऊन ठेवलेली असते.

म्हणून माझा आग्रह एवढाच. फळ्यावर आपण बहुधा समांतर किरणापासून सुरुवात करतो. त्याऐवजी केंद्रातून जाणारा किरण आधी काढू, म्हणजे 'उलटी का' याचं उत्तर पहिल्याच रेघेत दिसेल. दुसऱ्या किरणानं 'कुठं' ते ठरेल. शाळेत १० सेंमी नाभीय अंतराचं भिंग असेल, तर अंधाऱ्या खोलीत ३० सेंमीवर मेणबत्ती ठेवा आणि पलीकडं १५ सेंमीवर पांढरा कागद धरा. आकृतीतलेच आकडे पाचपट झाले आहेत. कागदावर ज्योत उलटी आणि निम्म्या उंचीची दिसेल.